चित्रातल्या गळ्यात मंगळसूत्र

1997 मध्ये डॅनियल कर्स्टन, पास्कल मामासियन आणि डेव्हिड निल या दृष्टिसंशोधकांनी एक छोटं चलचित्र लोकांना दाखवलं. उघड्या खोक्यात एक चेंडू पुढून मागे तिरपा सरकतो, एवढंच त्यात होतं. ते दोनदा दाखवलं. दोन्ही वेळा पडद्यावरची चेंडूची वाट अगदी तीच होती, फरक फक्त सावलीच्या वाटेत होता. सावली चेंडूला चिकटून चालली तेव्हा बघणाऱ्यांना चेंडू खोक्याच्या तळावरून घरंगळताना दिसला. सावली चेंडूपासून हळूहळू लांब गेली तेव्हा तोच चेंडू हवेत वर चढताना दिसला. वस्तू पृष्ठभागाला टेकली आहे की त्यापासून सुटी आहे, याचा निवाडा आपली नजर वस्तूकडे बघून कमी आणि तिच्या सावलीकडे बघून जास्त करते.

सराफाच्या संकेतस्थळावर किंवा दुकानातल्या टॅबवर ‘हा दागिना तुमच्यावर कसा दिसेल’ असं दाखवणारी जी चित्रं असतात, त्यांतली बरीचशी फसतात ती इथेच. मंगळसूत्राचा फोटो उत्तम असतो, वाट्यांवरची चमक उत्तम असते, तरीही ते गळ्यात घातलेलं वाटत नाही, गळ्यासमोर काचेवर चिकटवलेलं वाटतं. अशा वेळी चित्र करणारा बहुधा दागिनाच आणखी चकचकीत करत बसतो. चूक दागिन्यात नसते. दागिना कातडीपासून किती अंतरावर आहे हे चित्रात कुठेच सांगितलेलं नसतं.

या प्रकरणात आपण एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघू. कमरेपासून वरचा एका बाईंचा फोटो आहे. डावीकडच्या खिडकीतून उजेड येतो आहे, केस मागे बांधलेले आहेत, मान किंचित उजवीकडे कललेली आहे. त्यांना 18 इंची, म्हणजे सुमारे 46 सेंटीमीटर लांबीचं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र आणि 38 मिलिमीटर उंचीचे सोन्याचे झुमके घालून दाखवायचे आहेत.

माप बुबुळावरून

पहिला प्रश्न आकाराचा. फोटोत 12 मिलिमीटरची वाटी किती पिक्सेलची दिसली पाहिजे? अंदाजाने बसवली तर हात हमखास मोठ्या मापाकडे जातो, कारण दागिना उठून दिसावा असं करणाऱ्याला वाटत असतं. मग गिऱ्हाइकाच्या हातात खरी वाटी पडते तेव्हा ती चित्रापेक्षा लहान निघते.

माप घेण्यासाठी चेहऱ्यावरच एक पट्टी असते. डोळ्यातल्या रंगीत बुबुळाची आडवी रुंदी मोठ्या माणसांत जवळजवळ सारखी असते, सुमारे 11.7 मिलिमीटर. माणसागणिक तिच्यात बहुतेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. आपल्या फोटोत बुबुळ साधारण 58 पिक्सेल रुंद आहे. म्हणजे डोळ्यांच्या पातळीवर एका मिलिमीटरला सुमारे 5 पिक्सेल. पडताळा म्हणून दोन बाहुल्यांमधलं अंतरही मोजावं. चष्म्याच्या नंबराच्या कागदावर ते बऱ्याचदा ‘पीडी’ म्हणून लिहिलेलं असतं. या बाईंचा पीडी 62 मिलिमीटर आहे आणि फोटोत 310 पिक्सेल भरतो. हिशेब जुळला.

पण दागिना डोळ्यांवर घालायचा नाही. कानाची पाळी डोळ्यांच्या नऊएक सेंटीमीटर मागे असते आणि कंठाखालचा खळगाही काही सेंटीमीटर मागेच असतो. फोटो दीड मीटरवरून काढलेला असेल, तर मागे असलेली वस्तू त्या प्रमाणात लहान दिसते. पाळीपाशी एका मिलिमीटरला साधारण 4.7 पिक्सेल येतात, खळग्यापाशी 4.8. फरक चार-सहा टक्क्यांचाच आहे, पण फोन हातभर अंतरावर धरून काढलेल्या सेल्फीत तो पंधरा टक्क्यांवर जातो. म्हणून सेल्फीवर बसवलेले कानातले फार पटकन खोटे वाटतात. चेहरा पुढे आलेला असतो आणि झुमके मात्र त्याच मापाने मोठे केलेले असतात. आपल्या चित्रात वाटी 58 पिक्सेलची आणि झुमका 179 पिक्सेलचा होईल. हे आकडे कागदावर लिहून ठेवायचे आणि पुढे मोह झाला तरी बदलायचे नाहीत.

साखळीची वाट

दोन खिळ्यांना साखळी अडकवली तर ती कुठला आकार घेते, या प्रश्नाने सतराव्या शतकातल्या गणितज्ञांना चांगलंच झुंजवलं. तो आकार परवलयाच्या जवळचा असतो असं गॅलिलिओने 1638 मध्ये लिहिलं होतं. खरं उत्तर 1691 मध्ये लायब्निझ, हायगेन्स आणि योहान बर्नोली यांनी दिलं. त्या वक्राला आज कॅटेनरी म्हणतात आणि सगळीकडे सारख्या वजनाची माळ अधांतरी लोंबली तर तो तंतोतंत लागू पडतो. गळ्यातला दागिना मात्र अधांतरी नसतो. तो मानेच्या मागे टेकतो, खांद्याच्या उतारावरून पुढे येतो, कॉलरबोन ओलांडतो आणि मग छातीवर पडून राहतो. त्याच्या आकारात वजनाइतकाच शरीराचाही हात असतो.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली अशी की मानेच्या बुडाशी बसणारा दागिना आडव्या कड्यासारखा बसत नाही. मान पुढे झुकलेली असते. मागे जिथे दागिना टेकतो ती जागा कंठाखालच्या खळग्यापेक्षा काही सेंटीमीटर वर असते, म्हणून सगळं कडं पुढच्या बाजूला खाली कलतं. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असला तर ठुशी समोरून खाली झुकलेल्या कमानीसारखी दिसते आणि तिची दोन्ही टोकं वर जाऊन मानेच्या कडेआड नाहीशी होतात. ती टोकं मानेच्या कडेला काटकोनात कापल्यासारखी संपली, तर ठुशी मानेला वळसा घालते हे नजरेला पटत नाही. कडेशी मणी आडवे अरुंद होत गेले पाहिजेत आणि एकमेकांवर चढल्यासारखे दिसले पाहिजेत.

दुसरी गोष्ट वजनाच्या वाटणीची. बोरमाळ किंवा मोहनमाळ सगळीकडे सारख्या वजनाची असते, त्यामुळे तिचा तळ गोलसर होतो. मंगळसूत्रात वजन वाट्यांशी गोळा झालेलं असतं आणि मण्यांची सर त्या मानाने हलकी असते. मग दोन्ही बाजूच्या सरी ताणून जवळजवळ सरळ होतात आणि वाट्यांपाशी टोक येतं. तन्मणीच्या खोडाचंही तसंच. मंगळसूत्राचा फोटो सपाट मखमलीवर गोल मांडून काढलेला असेल आणि तो गोल तसाच गळ्यावर आणला, तर वाट्यांना वजनच नाही असा त्याचा अर्थ होतो. मराठी घरातल्या कुठल्याही बाईच्या नजरेला ते लगेच टोचतं, कारण सांगता आलं नाही तरी.

तिसरी गोष्ट लांबीची. आपलं मंगळसूत्र 46 सेंटीमीटरचं. मानेच्या एका कडेपासून मागून दुसऱ्या कडेपर्यंत साधारण 20 सेंटीमीटर खर्च होतात. पुढे उरतात 26, म्हणजे प्रत्येक बाजूला 13. मानेच्या दोन्ही कडा मध्यरेषेपासून साडेसहा सेंटीमीटरवर धरू. आता हा शाळेतला काटकोन त्रिकोण झाला: कर्ण 13, पाया 6.5, तर उंची सुमारे 11.3 सेंटीमीटर. कंठाखालचा खळगा त्या कडांच्या 5 सेंटीमीटर खाली आहे, म्हणून वाट्या खळग्याच्या सव्वासहा सेंटीमीटर खाली येतात. छातीचा वरचा भाग मागे कललेला असल्याने कॅमेऱ्याला हे अंतर थोडं आखडलेलं, सुमारे 6 सेंटीमीटर दिसेल. आपल्या मापाने ते 288 पिक्सेल होतात. वाट्या तिथेच बसवायच्या.

याच त्रिकोणात 40.6 सेंटीमीटर, म्हणजे 16 इंच घातले तर दागिना खळग्याच्या जेमतेम 3 सेंटीमीटर खाली येतो, आणि 61 सेंटीमीटर, म्हणजे 24 इंच घातले तर 14 सेंटीमीटरच्या पुढे जातो. दुकानात ‘दोन इंच वाढवून द्या’ म्हणणाऱ्या बाईला आखूड माळेत अपेक्षेपेक्षा जास्त फरक दिसतो तो यामुळेच. लांबी पाच सेंटीमीटरने वाढली की पुढची उंची निम्म्याने, अडीच सेंटीमीटरने, वाढेल असं वाटतं. आखूड माळेत ती तीनपेक्षा जास्त वाढते. हा हिशेब छाती सपाट धरून केलेला आहे. प्रत्यक्ष शरीर पुढे फुगीर असल्यामुळे थोडी लांबी त्यावरून जाण्यात खर्च होते आणि वाट्या हिशेबापेक्षा किंचित वर राहतात. ज्यांच्या मानेचा घेर मोठा आहे त्यांच्यात मागचे 20 सेंटीमीटरच 23 होतात. म्हणून जमलं तर गिऱ्हाइकाकडून मानेच्या बुडाचा घेर दोऱ्याने मोजून मागवावा. त्या एका आकड्याने चित्र बरंच खरं होतं.

वाट ठरली की फोटो-संपादनाच्या प्रणालीत सरीचा फोटो त्या वाटेवर वाकवायचा. फोटोशॉपमध्ये यासाठी `Puppet Warp` आहे. वाकवताना सर ताणली जाऊ द्यायची नाही. मणी लंबगोल झाले की ती ताणली गेली असं समजावं. त्यापेक्षा सरीचे लहान तुकडे करून ते वाटेवर एकापुढे एक मांडणं सोपं जातं आणि गोल मणी गोलच राहतात.

खळगा ओलांडताना

ताणलेली सर उंचवट्याला चिकटून जाते, पण खोलगट जागेत उतरत नाही. ती एका काठावरून दुसऱ्या काठावर सरळ जाते. कॉलरबोनच्या वर, मानेच्या बाजूला एक खड्डा असतो. सडपातळ बायकांत तो सहा-आठ मिलिमीटर किंवा त्याहून खोल असू शकतो. मंगळसूत्राची सर त्याच्यावरून पुलासारखी जाते. नंतर ती कॉलरबोनला टेकते आणि पुढे छातीवर पडते.

याचा अर्थ असा की एकाच सरीची सावली तीन ठिकाणी तीन तऱ्हांची असायला हवी. कॉलरबोनवर मणी कातडीला टेकलेला आहे, त्यामुळे सावली त्याच्या अगदी खाली, बारीक आणि गडद असते. खड्ड्यावर सर कातडीपासून सुटी आहे, त्यामुळे सावली तिच्यापासून लांब सरकते, पसरते आणि फिकट होते. छातीवर ती पुन्हा जवळ येते. फोटो-संपादनाच्या प्रणालीत मिळणारा तयार ‘ड्रॉप शॅडो’ सगळ्या सरीला एकाच अंतराची आणि एकाच मऊपणाची सावली देतो. तो वापरला की नजरेला कळतं ते एवढंच, की सर कातडीपासून सगळीकडे सारखी उंच तरंगते आहे.

सावली किती पसरेल हे मोजता येतं. उजेडाचा स्रोत जितका रुंद आणि जवळ, तितकी सावलीची कड मऊ. खिडकी 90 सेंटीमीटर रुंद आणि बाई तिच्यापासून 180 सेंटीमीटरवर, म्हणजे गुणोत्तर अर्धं. दागिना कातडीपासून जितका दूर, त्याच्या निम्मी सावलीची कड. छातीवर मणी दोन मिलिमीटर सुटा असेल तर कड एक मिलिमीटर, म्हणजे सुमारे पाच पिक्सेल. खड्ड्यावर आठ मिलिमीटर सुटा असेल तर कड चार मिलिमीटर. अडीच मिलिमीटरच्या मण्याला चार मिलिमीटरची मऊ कड मिळाली की सावलीत मध्यभागी गडद असं काही उरतच नाही, नुसता धूसर पट्टा राहतो. म्हणून खड्ड्यात वेगवेगळ्या मण्यांची सावली काढू नये. हाच फोटो उन्हात काढलेला असता तर हिशेब पार बदलला असता. सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचं दिसतं, त्यामुळे कड अंतराच्या सुमारे शंभराव्या भागाइतकीच राहते आणि खड्ड्यातही मणी न् मणी उमटतो.

सावली कुठल्या बाजूला पाडायची हे फोटोच सांगतो. डोळ्यातला उजेडाचा ठिपका कुठे आहे, नाकाची सावली कुठे झुकते, हनुवटीची सावली मानेवर कुठे संपते, या तीन खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. दागिन्याचा मूळ फोटो उजवीकडून उजेड देऊन काढलेला असेल तर तो इथे चालत नाही. मंगळसूत्र दोन्ही बाजूंनी सारखं असल्याने आरशासारखं उलटवता येतं. एका बाजूला पेंडंट असलेला किंवा नाव कोरलेला दागिना उलटवता येत नाही, त्याचा फोटो पुन्हाच काढावा लागतो.

सावलीचा रंग

काळ्या रंगाची सावली कातडीवर काजळीसारखी दिसते. कातडीत शिरलेला उजेड आत थोडा पसरून बाहेर येतो आणि त्यात तांबडा सगळ्यांत लांब जातो. म्हणून कातडीवरच्या सावलीत, खास करून तिच्या कडेशी, तांबूस झाक असते. ती रंगवण्यासाठी रंगाचा अंदाज बांधावा लागत नाही, कारण फोटोत एक खरी सावली आधीच असते, हनुवटीची.

आपल्या फोटोत उजेडातल्या कातडीचा नमुना घेतला तर तांबडा, हिरवा आणि निळा हे आकडे 214, 164 आणि 132 येतात. हनुवटीच्या सावलीत तेच 150, 102 आणि 78 होतात. सावलीच्या आकड्यांना उजेडाच्या आकड्यांनी भागलं की सुमारे 0.70, 0.62 आणि 0.59 मिळतात. निळा सगळ्यांत जास्त घटला, तांबडा सगळ्यांत कमी. या तिघांना 255 ने गुणलं की 179, 159 आणि 151 असा मळकट गुलाबी रंग तयार होतो. तो `Multiply` या मिश्रणपद्धतीच्या थरात भरायचा. खालच्या कातडीला तो गुणतो आणि सावलीत तोच बदल करतो जो खऱ्या सावलीने केला होता. हा एक रंग पडछायेला पुरतो. मणी जिथे कातडीला टेकतात त्या एक-दोन पिक्सेलच्या भेगेत मात्र उजेड जवळजवळ शिरतच नाही, तिथे हाच रंग दोनदा गुणून गडद करावा.

गव्हाळ, सावळ्या आणि गोऱ्या कातडीत ही गुणोत्तरं वेगळी येतात. दुसऱ्या चित्रातून उचललेली सावली म्हणूनच बेमालूम बसत नाही. दर फोटोला नमुना नव्याने घ्यावा.

हनुवटीखाली सोनं

दागिना कातडीवर सावली पाडतो हे बहुतेकांना आठवतं. चेहरा दागिन्यावर सावली पाडतो हे विसरलं जातं. हनुवटीची सावली मानेवर जिथवर आहे तिथवर दागिनाही तिच्यातच असतो. ठुशी आणि चिंचपेटी तर जवळजवळ पूर्ण सावलीत असतात. आपल्या मंगळसूत्राच्या सरींचा वरचा, मानेजवळचा तुकडा सावलीत येतो. तो कातडीच्या त्याच प्रमाणात काळवंडला नाही, तर मण्यांमध्येच दिवा आहे असं दिसतं.

काळ्या मण्यांना आणि मोत्यांना तोच मळकट गुलाबी थर वरून घालून बऱ्यापैकी चालतं. सोन्याला तेवढ्याने चालत नाही. मोती आपला उजेड चहूकडे पसरवतो, पण झळाळी दिलेलं सोनं समोर जे असेल ते दाखवतं. हनुवटीखालच्या सोन्याला खिडकी दिसतच नाही, त्याला हनुवटीची काळोखी खालची बाजू आणि साडीचा रंग दिसतो. म्हणून तिथे खिडकीचा पांढरा ठिपका मंद करून भागत नाही, तो पुसून टाकावा लागतो. त्या जागी खालून साडीच्या रंगाची हलकी झाक यावी लागते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेल्या सोन्याच्या फोटोत सगळीकडून पांढरं प्रतिबिंब शिरलेलं असतं. ते सोनं गव्हाळ कातडीवर आणलं की फिकट, पितळी वाटतं. सराफाने दागिन्याचे फोटो कातडीच्या रंगाच्या पुठ्ठ्यावर, एकाच खिडकीच्या उजेडात काढून ठेवले तर हे अर्धं काम आधीच होऊन जातं.

चमकेला मर्यादा घालण्यासाठी फोटोतलाच एक नियम पाळता येतो. दागिन्यावरचा सर्वांत उजळ ठिपका डोळ्यातल्या ठिपक्यापेक्षा उजळ नसावा, आणि काळा मणी बाहुलीपेक्षा किंवा केसांतल्या सर्वांत गडद जागेपेक्षा काळा नसावा.

झुमके ओळंब्यात

झुमक्याला कान फक्त टांगतो, पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. मान कितीही कलली तरी झुमका जमिनीला सरळ लंब लोंबतो. पाळीत बसणारं फूल मात्र पाळीबरोबर कलतं. आपल्या फोटोत मान उजवीकडे बारा अंश कललेली आहे, तर फूल बारा अंश फिरवायचं आणि झुमका सरळ ठेवायचा. दोन्ही एकत्र फिरवले की बाई वाऱ्यात उभ्या आहेत असं वाटतं. फोटोच तिरपा काढलेला असू शकतो, म्हणून ‘सरळ’ कशाला म्हणायचं ते मागच्या दाराच्या चौकटीवरून ठरवावं.

कललेल्या मानेचा दुसरा परिणाम सावलीत दिसतो. मान उजवीकडे गेली की उजवा झुमका जबड्यापासून सुटून मोकळा लोंबतो. डावीकडे जबडाच झुमक्याखाली सरकतो आणि झुमका त्याला टेकतो. डाव्या झुमक्याला टेकल्याची बारीक, गडद सावली हवी. उजव्याची सावली पडलीच तर चार सेंटीमीटर लांब, मानेवर पडेल. आपल्या खिडकीच्या हिशेबाने तिची कड दोन सेंटीमीटरची, म्हणजे साधारण झुमक्याच्या रुंदीएवढी होते. त्यामुळे तिला आकार असा उरत नाही, मानेवर एक फिकट, धूसर डाग राहतो. एकाच उजेडात मंगळसूत्राची सावली रेखीव आणि झुमक्याची विरलेली, यात विसंगती नाही. दोघांचं कातडीपासूनचं अंतरच वेगळं आहे.

झुमका सगळीकडून गोल असल्याने चेहरा वळला तरी त्याचा आकार बदलत नाही. कुडी तशी नाही. ती पाळीवर चपटी बसते आणि पाळी कधीच पूर्ण समोर नसते, बरीचशी बाजूला वळलेली असते. समोरून काढलेल्या फोटोत कुडीचं गोल फूल लंबगोल दिसलं पाहिजे, आणि किती लंबगोल ते पाळीची दिसणारी रुंदी सांगते.

शेवटचा प्रश्न स्पष्टतेचा. 85 मिलिमीटरच्या भिंगाने, एफ 1.8 वर, दीड मीटरवरून डोळ्यांवर फोकस केला तर स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर खोल असते. कान तिच्या बाहेर जातात. पाळी धूसर आणि तिच्यातला झुमका लख्ख असं चित्र कुठलाही कॅमेरा काढत नाही. पाळीजवळच्या केसांइतका धूसरपणा `Gaussian Blur` ने झुमक्याला द्यावा, आणि फोटोत दाणा असेल तर दागिन्यावरही तेवढाच दाणा टाकावा. फोनच्या पोर्ट्रेट मोडने काढलेल्या फोटोत तर कान कधी कधी कृत्रिमरीत्या धूसर केलेले असतात. तिथे आधी मूळ, धूसर न केलेला फोटो मागावा.

थरांचा क्रम आणि तपासणी

सगळं एकत्र आणताना सर्वांत खाली फोटो, त्यावर पडछाया, त्यावर टेकल्याची बारीक सावली, मग दागिना, मग दागिन्यावर पडणारी हनुवटीची सावली, आणि सर्वांत वर ज्या गोष्टी दागिन्याच्या पुढे येतात त्या: कानावरची बट, पदर, ब्लाउजची कड. मंगळसूत्र पदराखाली जात असेल तर पदर वर येतो आणि दागिना तिथे संपतो. जी सर कातडीवरून ब्लाउजवर जाते तिच्या सावलीचा रंग कडेशी बदलायला हवा, कारण कापडाला कातडीची तांबूस झाक नसते.

फोनमधल्या चालत्या चित्रात हेच काम क्षणार्धात करावं लागतं, तेव्हा त्यात चष्मा सोपा आणि हार अवघड असतो. गूगलच्या मीडियापाइपमधलं चेहरा ओळखणारं जाळं चेहऱ्यावर 468 बिंदू शोधतं, पण ते सगळे चेहऱ्यावरचे असतात. मानेवर डोळ्यांच्या कोपऱ्यासारखी ठळक खूण नसते आणि मान चेहऱ्याबरोबर पूर्ण वळतही नाही. म्हणून अशा प्रणाली मानेच्या जागी एक अदृश्य नळी कल्पून हाराचा मागचा भाग तिच्याआड लपवतात. खड्डे, उंचवटे आणि पदर त्या नळीला माहीत नसतात. त्यामुळे चालत्या चित्रातला हार लांबी आणि रंग ठरवायला उपयोगी पडतो, तो गळ्यावर कसा बसेल हे ठरवायला नाही.

चित्र पूर्ण झालं की ते अंगठ्याएवढं लहान करून बघावं. लहान चित्रात नक्षी दिसेनाशी होते आणि तरंगणं मात्र लगेच दिसतं. नंतर ते उलटवून बघावं. सवयीने झाकलेल्या चुका डावं-उजवं बदललं की वर येतात. मग सावल्यांचे थर एकदा बंद आणि एकदा चालू करावेत. बंद केल्यावर दागिना पुढे उडी मारतो आणि चालू केल्यावर कातडीवर बसतो, असं झालं तर सावली बरोबर आहे. काहीच फरक पडला नाही तर ती फार फिकट आहे. दागिन्याऐवजी सावलीकडेच लक्ष गेलं तर ती फार गडद किंवा फार लांब आहे.

आपल्या चित्रात या तपासणीत एक चूक सापडते. वाट्यांची सावली सरीइतकीच बारीक ठेवली गेली आहे. वाटी ही अर्ध्या गोलासारखी, पोकळ बाजू आत असलेली धरली, तर तिचा काठ छातीला टेकतो आणि फुगीर पाठ पाच-सहा मिलिमीटर पुढे येते. म्हणून तिची सावली काठाशी गडद सुरू होऊन उजवीकडे खाली रुंद होत विरली पाहिजे. ती तशी केली की वाट्यांना जाडी येते आणि दोन्ही सरी त्यांच्या वजनाने खाली ओढल्यासारख्या दिसू लागतात, सरींमध्ये एका पिक्सेलचाही बदल न करता.

एवढं करूनही हे चित्र काही गोष्टी सांगू शकत नाही. मंगळसूत्र गळ्यात किती जड वाटेल, झुमक्याने पाळी ओढली जाऊन वेल लावावा लागेल का, ट्यूबलाइटखाली सोनं किती पिवळं दिसेल, हे फोटोत नसतं. म्हणून चित्राखाली दागिन्याची लांबी, वाटीचा व्यास आणि वजन आकड्यांत लिहावं, आणि माप कशावरून घेतलं तेही लिहावं. मानेचा घेर गिऱ्हाइकाने मोजून दिला होता की अंदाजाने धरला, या एका ओळीवरून वाट्या नेमक्या कुठे येतील यावर किती भरवसा ठेवायचा ते गिऱ्हाइकाला ठरवता येतं.